पाच एप्रिलची चार मे होते तेव्हा

बिलावर ०५/०४/२०२४ असं छापलेलं असतं. आपल्याकडे कुणीही ती तारीख ५ एप्रिल अशीच वाचेल. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे तिथला माणूस ४ मे वाचेल. एवढं बहुतेकांना माहीत असतं, आणि अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाचा फॉर्म भरताना आपण लक्षही ठेवतो. खरा घोटाळा मात्र माणसाच्या वाचण्यात कमी आणि संगणकाच्या वाचण्यात जास्त होतो. नवीन लॅपटॉपवर विंडोजची प्रादेशिक मांडणी पुष्कळदा अमेरिकन असते, ती बदलायचं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एक्सेल त्या मांडणीवरून ठरवतं की पहिला आकडा दिवसाचा की महिन्याचा. फाइल पुण्याची, बिलं पुण्याची, पार्टीही पुण्याचीच, तरी तारखा अमेरिकन पद्धतीने वाचल्या जातात.

एकटी तारीख चुकली तर कुणीतरी केव्हातरी पकडतं. दोन तारखांची वजाबाकी करून दिवस काढले की चूक त्या दिवसांच्या आकड्यात दडते, आणि नंतर सगळे फक्त तो आकडाच बघतात. म्हणून इथे असंच एक काम धरून बोलतो जिथे दिवस मोजण्यावर पैसे अवलंबून असतात: लघुउद्योगांच्या बिलांचे पंचेचाळीस दिवस.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करारात ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचे असतात, आणि करारात काहीही लिहिलं तरी ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. शिवाय आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये घातलेल्या (एच) या तरतुदीमुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून खरेदीदाराच्या बाजूनेही हे दिवस मोजले जाऊ लागले. मुदत चुकवली तर त्या खर्चाची वजावट, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षातच मिळते. एका बाजूला पुरवठादाराचं व्याज, दुसऱ्या बाजूला खरेदीदाराचा कर, आणि दोन्ही एका वजाबाकीवर.

समजा, भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचा हिशेब आहे आणि सगळ्या बिलांना ४५ दिवसांचा लेखी करार आहे. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून थकबाकीची सीएसव्ही फाइल काढली. तिच्यात एका रकान्यात माल स्वीकारल्याची तारीख आहे, दुसऱ्यात पैसे आल्याची, दोन्ही दिवस-आधी पद्धतीने. अमेरिकन मांडणीच्या लॅपटॉपवर त्या फाइलवर दोनदा टिचकी मारली आणि ती एक्सेलमध्ये उघडली. त्या क्षणी काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं.

एक्सेल प्रत्येक तारीख महिना-आधी समजून वाचायचा प्रयत्न करतं. ०५/०४/२०२४ त्याला ४ मे म्हणून चालते, तेव्हा ते ती तशी स्वीकारतं. २५/०५/२०२४ मध्ये मात्र पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख नाही असं ठरवून ते तिला नुसता मजकूर म्हणून ठेवतं. म्हणजे महिन्याच्या १ ते १२ तारखांची चुपचाप अदलाबदल होते आणि १३ पासून पुढच्या तारखा तारखाच राहत नाहीत. ०४/०४, ०५/०५ अशा दिवस-महिना सारखे असलेल्या तारखा तेवढ्या वाचतात. वर्षाच्या ३६५ दिवसांत उलट वाचूनही खऱ्या वाटाव्यात अशा तारखा १४४ असतात. त्यातल्या १२ सारख्याच राहतात आणि १३२ बिनबोभाट बदलतात.

आता या चुकीतला सगळ्यात फसवा भाग. अदलाबदल झालेली तारीख पडद्यावर 5/4/2024 अशीच दिसते, कारण एक्सेल तिला ४ मे समजतं आणि दाखवतानाही महिना आधी दाखवतं. बिलावर ०५/०४/२०२४, पडद्यावर 5/4/2024. बिलांची चळत घेऊन एकेक तारीख टिकमार्क करत तपासली तरी एकही चूक सापडणार नाही. नजरेने पडताळणी केली म्हणून तारखा बरोबर, असा दाखला इथे चालत नाही. आणि सेलचं फॉरमॅट बदलून दिवस-आधी केलं तर फक्त दिसणं बदलतं, आतली तारीख ४ मेच राहते.

आत काय असतं तर एक क्रमांक. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरून पुढे दिवस मोजत जातं. ५ एप्रिल २०२४ चा क्रमांक ४५३८७ आणि ४ मे २०२४ चा ४५४१६. वजाबाकी या क्रमांकांची होते, पडद्यावर दिसणाऱ्या अक्षरांची नाही.

आपल्या फाइलमधलं पहिलं बिल घ्या. माल स्वीकारला ५ एप्रिलला, पैसे आले २५ मेला. खरं अंतर ५० दिवस, म्हणजे मुदतीपेक्षा पाच दिवस उशीर. एक्सेलमध्ये पहिली तारीख ४ मे झाली, दुसरी मजकूर राहिली, आणि वजाबाकीच्या जागी #VALUE! आलं. अशी चूक दिसली की हिशेबनीस काय करतो? ज्या तारखेमुळे अडलं ती हाताने 25-May-2024 अशी टाइप करतो. लगेच उत्तर येतं: २१ दिवस. आकडा सभ्य आहे, मुदतीच्या आत आहे, त्यावर कुणी थांबत नाही. पुरवठादाराचा व्याजाचा हक्क त्या एका दुरुस्तीत नाहीसा झाला. खरं तर #VALUE! ने सांगितलं होतं की संपूर्ण रकाना बिघडलाय. आपण फक्त ओरडणारा सेल गप्प केला.

दुसरं बिल: २९ मार्चला माल, ७ मेला पैसे. खरे दिवस ३९, पार्टीने वेळेत पैसे दिले. इथे २९ मार्च हाताने दुरुस्त झाली आणि ०७/०५ ची ५ जुलै झाली. उत्तर ९८ दिवस. आता पुरवठादार चांगल्या गिऱ्हाइकाला व्याजाची नोटीस पाठवणार.

तिसरं बिल ३ एप्रिल ते १० मे, खरे दिवस ३७. दोन्ही तारखा फिरल्या, ४ मार्च ते ५ ऑक्टोबर झाल्या, आणि उत्तर आलं २१५. चौथं २२ एप्रिल ते ३ जून, खरे दिवस ४२. त्यात फक्त ३ जूनची ६ मार्च झाली आणि उत्तर उणे ४७. ही दोन बिलं उपकार करतात, कारण इतकी वेडीवाकडी उत्तरं बघून माणूस थांबतो. पण बरेचदा थांबून तेवढ्याच दोन ओळी दुरुस्त केल्या जातात आणि २१ व ९८ तशाच राहतात.

पाचवं बिल सगळ्यात शांत. ५ एप्रिलला माल, ६ मेला पैसे, खरे दिवस ३१. दोन्ही फिरून ४ मे आणि ५ जून झाल्या, उत्तर ३२. चूक दोन्हीकडे जवळजवळ सारखी म्हणून वजा होऊन गेली. नमुन्यादाखल तपासायला हेच बिल उचललंत तर एक दिवसाचा फरक कुठल्या टोकाचा दिवस धरला यावर ढकलून पुढे जाल.

या उत्तरांत एक ठेका आहे, तो ओळखता आला तर जुन्या हिशेबातली चूकही पकडता येते. ५ एप्रिलची ४ मे होताना तारीख महिनाभर पुढे आणि एक दिवस मागे जाते, म्हणजे २९ दिवस सरकते. दिवस आणि महिना यांच्या आकड्यांत जितका फरक, तितक्या पटीने हे सरकणं वाढतं. एका फरकाला सरासरी साडेएकोणतीस दिवस. ०७/०५ मध्ये फरक दोनचा, म्हणून दुसऱ्या बिलात चूक बरोबर ५९ दिवसांची आली. ०३/०६ मध्ये फरक तीनचा, म्हणून चौथ्या बिलात ४२ आणि उणे ४७ मधलं अंतर ८९. मध्ये फेब्रुवारी आला तर एखाद-दोन दिवस कमी पडतात. पार्टीचे दिवस आणि तुमचे दिवस जुळत नसतील आणि तफावत २९, ५९, ८८ यांच्या आसपास असेल, तर वादाआधी तारखेच्या रकान्याकडे बघा. तफावत तीन किंवा दहा दिवसांची असेल तर कारण बहुधा दुसरं असतं: कुणी बिलाची तारीख धरली असेल, कुणी माल पोचल्याची. कायद्यात मोजणी माल स्वीकारल्यापासून आहे. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. त्यामुळे चलानवरची पोचतारीख जपून ठेवा.

खरेदीदाराच्या बाजूची गडबड थोडी निराळ्या वाटेने येते. खरेदीची यादी एका सॉफ्टवेअरची असते आणि पैसे दिल्याच्या तारखा बँकेच्या उताऱ्यातून घेतलेल्या, जिथे पुष्कळदा महिना अक्षरांत असतो. म्हणजे एक रकाना फिरलेला, दुसरा शाबूत. समजा ४५ दिवसांचा लेखी करार आहे, माल स्वीकारला २ मार्च २०२४ ला आणि पैसे दिले १० एप्रिलला. खरे दिवस ३९, मुदत १६ एप्रिलपर्यंत होती, त्यामुळे ३१ मार्चला बिल थकलेलं असलं तरी खर्च त्याच वर्षात मान्य. ०२/०३ ची ३ फेब्रुवारी झाली की दिवस ६७ होतात, मुदत १९ मार्चलाच संपलेली दिसते, आणि सीए तो खर्च त्या वर्षात अमान्य धरून जास्त कर भरायला लावतात. त्यांची चूक नाही, त्यांच्यापुढे ६७ हाच आकडा ठेवलेला असतो.

आता फाइल बिघडली आहे का ते कसं ओळखायचं. रकान्याची रुंदी वाढवा आणि आधी कुणी केलेलं डावं-उजवं संरेखन काढून टाका. खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही डावीकडे आणि काही उजवीकडे असतील, डावीकडच्या सगळ्या १३ तारखेपासून पुढच्या असतील, तर उजवीकडच्या फिरलेल्या आहेत असं समजा. आणखी एक खूण: मजकूर राहिलेल्या तारखांत 25/04/2024 असं शून्य टिकलेलं असतं, फिरलेल्यांतलं शून्य उडून 5/4/2024 झालेलं असतं. फिल्टरचा बाण दाबलात तर खऱ्या तारखा वर्ष-महिन्याच्या गटांत दिसतात आणि मजकूरवाल्या खाली सुट्या सुट्या पडलेल्या असतात.

खात्रीसाठी शेजारच्या दोन रिकाम्या रकान्यांत ही सूत्रं घाला आणि खाली ओढा.

```
=ISNUMBER(B2)
=TEXT(B2,"dd-mmm-yyyy")
```

पहिलं सूत्र TRUE म्हणालं तर आत क्रमांक आहे, FALSE म्हणालं तर मजकूर. दुसरं सूत्र महिना अक्षरांत दाखवतं, म्हणजे पडद्यावरच्या 5/4/2024 चं खरं रूप 04-May-2024 समोर येतं. एकाच महिन्याची बिलं असतील तर हा रकाना वाचताक्षणी उलगडा होतो. एप्रिलची बिलं ४ जानेवारी, ४ फेब्रुवारी, ४ मार्च अशी वर्षभर पसरलेली दिसतात, सगळी महिन्याच्या चार तारखेची. त्यात अजून न आलेल्या तारखाही निघतात. कुठलाही धंदा वर्षभर फक्त चार तारखेला माल पाठवत नाही.

या तपासणीत एक अडसर येतो. #VALUE! नको म्हणून पुष्कळ जण वजाबाकीभोवती IFERROR लावतात आणि चुकीच्या जागी रिकामं किंवा शून्य ठेवतात. तीस दिवसांच्या एप्रिलमध्ये १३ ते ३० या अठरा तारखा मजकूर राहतात. IFERROR ने रिकामं ठेवलं तर त्या सगळ्या ओळी सरासरीतून गळतात आणि उरलेली सरासरी मुख्यतः फिरलेल्या तारखांची असते. तपासताना IFERROR आधी काढा.

मूळ सीएसव्ही हाताशी असेल तर बिघडलेली फाइल दुरुस्त करत बसू नका. ती बंद करा, सेव्ह करू नका, आणि मूळ फाइल पुन्हा वेगळ्या रीतीने आणा. एक्सेलचं नवं कोरं पान उघडून Data मध्ये From Text/CSV निवडा, फाइल दाखवा आणि Load न दाबता Transform Data दाबा. तारखेच्या रकान्याच्या नावावर उजवी टिचकी मारून Change Type मधलं Using Locale निवडा, प्रकार Date आणि स्थान English (India) ठेवा. एक्सेल आधीच स्वतःच्या अंदाजाने प्रकार ठरवून बसलेलं असतं, म्हणून ते विचारतं की जुनी पायरी बदलायची की नवी वाढवायची. इथे Replace current निवडायचं. Add new step निवडलंत तर आधी चुकीने वाचलेल्या तारखांवरच नवा प्रकार चढेल आणि अदलाबदल तशीच राहील. दोन्ही तारखांच्या रकान्यांना हे करा आणि मग Close & Load. गूगल शीट्स वापरत असाल तर फाइल आणण्याआधी File, Settings मध्ये जाऊन Locale भारताचं करा.

मूळ फाइल गेलेलीच असेल तर सूत्राने उलटवता येतं:

```
=IF(ISNUMBER(B2),DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)),DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2)))
```

क्रमांक असेल तिथे हे दिवस आणि महिना यांची जागा बदलतं. मजकूर असेल तिथे पहिली दोन अक्षरं दिवस, चौथी-पाचवी महिना, शेवटची चार वर्ष असं वाचतं. मजकूर 25/4/2024 असा एक आकडी महिन्याचा असेल किंवा मागे मोकळी जागा राहिली असेल तर ते चुकेल, म्हणून मजकूर आधी नजरेखालून घाला. फाइल उलट दिशेने आलेली असेल, म्हणजे अमेरिकन पार्टीची महिना-आधी फाइल भारतीय मांडणीवर उघडलेली असेल, तर क्रमांकांचा भाग तसाच चालतो, मजकुराच्या भागात मात्र MID आणि LEFT यांची अदलाबदल करावी लागते.

या सूत्राची मर्यादा महत्त्वाची आहे. संपूर्ण रकाना एकाच वाटेने बिघडलेला असेल तरच ते बरोबर. मध्ये कुणी काही तारखा हाताने नीट केल्या असतील तर सूत्र त्या नीट तारखाच बिघडवेल. यातल्या काही ओळखू येतात: हाताने लिहिलेली २५ मे २०२४ या सूत्रातून ५ जानेवारी २०२६ होऊन निघते, कारण पंचविसावा महिना दोन वर्षं ओलांडून जातो. निकालात भलतंच वर्ष दिसलं की ती ओळख. पण १ ते १२ मधली एखादी तारीख हाताने सुधारली असेल तर तिला कुठलीही खूण राहत नाही. अशा ओळींसाठी चलानच काढावं लागतं, दुसरा उपाय नाही. म्हणूनच #VALUE! दिसल्यावर लगेच टाइप करायला बसू नये, असं मी इतक्या आग्रहाने सांगतो आहे. हाताने केलेल्या दहा दुरुस्त्या नंतरची सोपी वाट बंद करून टाकतात.

पुढच्यासाठी कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर Settings मधल्या Time & language मध्ये Regional format हे English (India) आहे का ते बघून घ्या, आणि बदलल्यावर एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. एकच लॅपटॉप सुटला तरी पुरतो, कारण तीच फाइल दोन यंत्रांवर उघडून एकत्र जोडली की अर्धी फिरलेली आणि अर्धी शाबूत अशी मिसळ होते. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये निर्यातीचा तारीख-प्रकार निवडता येत असेल तर 2024-04-05 असा वर्ष-आधीचा ठेवा. ही आयएसओ ८६०१ ची पद्धत आहे आणि दोन्ही मांडणींवर ५ एप्रिलच वाचली जाते. माणसांनी वाचायच्या कागदावर, बिल, चलान, पार्टीला पाठवायचं पत्र यांत, महिना अक्षरांत लिहा. बाहेरदेशी माल पाठवणाऱ्यांनी तर दुसरं काही लिहूच नये.

सुविधा परिषदेकडे थकबाकीचा अर्ज करणार असाल किंवा व्याजाची मागणी पाठवणार असाल, तर त्याआधी तक्त्यातल्या ४५ च्या थोड्या अलीकडच्या आणि थोड्या पलीकडच्या बिलांवरच थांबू नका. १५ ते २५ दिवस दाखवणारी बिलंही चलानाशी ताडून बघा. पहिल्या बिलासारखे हरवलेले दिवस तिथेच सापडतात. आणि ७० ते १०० दिवस दाखवणारी बिलं नोटिशीत घालण्यापूर्वी बँकेच्या उताऱ्यावर पैसे जमा झाल्याची तारीख महिन्याच्या नावासकट पाहून घ्या.